घरचे वगळून

माझी सून मृणाल विमा विकते. गावाकडे हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या धाकट्या भावाने विचारलं होतं, "म्हणजे दारोदार हिंडते?" मी म्हटलं, दारोदारच हिंडते, पण तिला कुणी उंबऱ्यावरून परत लावत नाही, आत घेऊन चहा टाकतात, एवढाच काय तो फरक. भावाला ते पटलं नाही. त्याला अजून पटलेलं नाही. त्याच्या तीन पॉलिसी मात्र तिच्याकडच्याच आहेत.

माझं शिक्षण बार्शी तालुक्यातल्या गावच्या शाळेत सातवीपर्यंत झालं. पुढचं वाचन आपल्या हौशीचं. त्यामुळे मी लिहायला बसलो तरी ते सांगितल्यासारखंच होतं आणि मधेच दुसरीकडे वळतं. चालवून घ्या. मृणालची गोष्ट मात्र मी शेवटपर्यंत नेणार आहे, कारण मला ती कुणालाही सांगायला आवडते. मेट्रोत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही मी ती सांगितलेली आहे, तीही माझ्या मोडक्या हिंदीत.

माझा मुलगा जयदीप केंद्र सरकारच्या लेखा खात्यात आहे. आमचं सरकारी क्वार्टर दिल्लीत सरोजिनी नगरला. चौदा वर्षांपूर्वी, नात अपूर्वा शाळेत जायला लागल्यावर, मृणालने विमा एजंटची परीक्षा दिली आणि एका आयुर्विमा कंपनीची एजन्सी घेतली. तिची पहिली पॉलिसी कुणाला गेली असेल? नातेवाइकाला नाही, शेजाऱ्याला नाही. सरोजिनी नगरच्या बाजारात कुर्त्यांचा ठेला लावणारा एक सरदारजी होता, त्याला. आयुष्यभर घासाघीस ऐकत आलेला माणूस तो, त्याने स्वतःच घासाघीस सुरू केली. दो लूँगा तो कितने का लगाओगी, असं विचारलं. पहिल्या वर्षाच्या कमिशनातून थोडं परत दे म्हणाला, सगळेच एजंट देतात म्हणाला. मृणालने त्याला सांगितलं की हप्त्यात अशी सूट देणं कायद्याने गुन्हा आहे, देणाऱ्याचाही आणि घेणाऱ्याचाही. तो म्हणाला, मग कुर्ता तरी घेऊन जा. तिने कुर्ता घेतला, पूर्ण पैसे देऊन. सरदारजीने पॉलिसी घेतली. त्यानंतर ठेल्यांच्या त्या रांगेत तिचं नाव झालं. अशी ती बाई.

आता मुख्य गोष्ट.

गेल्या वर्षी जयदीपची बदली हैदराबादला झाली. बदलीनंतर काही महिने क्वार्टर ठेवता येतं, मग सोडावं लागतं. अपूर्वा इथे कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. मृणालची चौदा वर्षांची सगळी मेहनत या शहरात. सगळ्यांनी हैदराबाद गाठायचं, की जयदीपने एकट्याने जायचं आणि बाकीच्यांनी इथे भाड्याने राहायचं, यावर घरात रोज जेवताना चर्चा. चर्चा कसली, जयदीप गप्प आणि मृणाल बोलते. शेवटी तो म्हणाला की इथे राहायचं तर दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारा पैसा हवा. एजंटाचं कमिशन एका महिन्यात भरभरून येतं आणि दुसऱ्या महिन्यात तोंड दाखवत नाही. घरमालक ते समजून घेत नाही.

म्हणून मृणालने नोकरी शोधली. नोएडाला दुसऱ्या एका विमा कंपनीच्या शाखेत एजन्सी मॅनेजरची जागा होती. या माणसाने स्वतः पॉलिसी विकायची नसते. नवे एजंट शोधायचे, त्यांना तयार करायचं, त्यांच्याकडून काम करून घ्यायचं. पगार ठरलेला. ही नोकरी मिळाली तर दिल्ली राहणार, नाही तर चौदा वर्षं गुंडाळून हैदराबादला नव्याने दार ठोठावणं. सगळं एवढ्यावर येऊन ठेपलं.

कंपनीने रेझ्युमे मागवला. रेझ्युमे म्हणजे आपलंच वर्णन आपणच करायचं आणि खाली सही करायची. आमच्या काळात मुलीच्या स्थळासाठी असं करायचे, पण ते निदान दुसरा माणूस करायचा. एका रविवारी अपूर्वा लॅपटॉप घेऊन बसली आणि आईला विचारायला लागली. ग्राहक किती, पॉलिसी किती केल्यास, दर वर्षी त्यातल्या किती पुढे चालू राहिल्या, ओळखीतून किती आल्या.

मृणाल मोबाइलवर आकडे काढायची, क्षणभर थांबायची, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची आणि मग आकडा सांगायची. अपूर्वाच्या दोन वेळा लक्षात आलं.

"आई, स्क्रीनवर तीनशे अठरा दिसतायत. तू दोनशे तीस का सांगतेस?"

"घरच्या वगळल्या."

"मतलब?"

"अगं, घरच्यांना पॉलिसी दिली त्यात काय सांगायचं? ते तर देणारच होते. परक्याला दिली तर काम."

अपूर्वाने खांदे उडवले आणि दोनशे तीस टाइप केलं. मला ते अगदी योग्य वाटलं, हे कबूल करायला हवं. आमच्या गावात राजाभाऊ शिंपी होता. तो भावकीचे कपडे शिवायचा तेव्हा पैसे घ्यायचा, पण दुकानातल्या पाटीवर मात्र फक्त परगावच्या गिऱ्हाइकांची नावं लिहायचा. बार्शीचे अमुक, वैरागचे तमुक. भावकीतल्या कुणाचं नाव नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, यांनी काय, मी पोतं शिवून दिलं असतं तरी घातलं असतं. आपल्याकडे ही रीत आहे. घरच्यांचं कौतुक कौतुकात धरत नाहीत आणि घरचं गिऱ्हाईक गिऱ्हाइकात.

रेझ्युमे छान दिसला. दोनशे तीस पॉलिसी. तेराव्या महिन्याला टिकलेल्या शंभरात चौऱ्याण्णव. म्हणजे शंभर जणांनी पहिल्या वर्षाचा हप्ता भरला, तर चौऱ्याण्णव जणांनी दुसऱ्या वर्षाचाही भरला. पाच वर्षांनंतरही टिकलेल्या अठ्ठ्याहत्तर. विमा धंद्यात माणसाची पारख याच आकड्यांवर होते, मृणालने मला ते समजावून सांगितलं होतं. विकणं कुणालाही जमतं, टिकवणं जमत नाही. शेवटी संदर्भातून, म्हणजे जुन्या ग्राहकाने नाव सुचवल्यामुळे मिळालेल्या पॉलिसी, दीडशेच्या वर. सोबत जुन्या शाखेचा दाखला जोडायला सांगितला होता, तोही अपूर्वाने जोडला. तो उघडून पाहायचं कुणाच्या मनात आलं नाही.

मुलाखतीला मी बरोबर गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसून करणार काय? सरोजिनी नगरहून मेट्रोची गुलाबी लाइन, मयूर विहारला निळी, मग नोएडा. ऑफिस तिथल्या एका सेक्टरातल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. साहेबाची केबिन काचेची होती, पण भिंत छतापर्यंत गेलेली नव्हती, त्यामुळे बाहेरच्या सोफ्यावर बसून आतलं सगळं ऐकू येत होतं. रिसेप्शनवरच्या मुलीने मला पाणी दिलं. मी तिला राजाभाऊ शिंप्याची गोष्ट सांगायला घेतली होती, पण आतला आवाज ऐकून थांबलो.

साहेबाचं नाव राघव बत्रा. फरीदाबादचा, पन्नाशीचा, आवाज शांत. त्याने आधी घरदार विचारलं, चहा सांगितला. मग रेझ्युमे आणि दाखला शेजारी शेजारी ठेवले.

"मृणालजी, आपने लिखा है दो सौ तीस. आपकी ब्रांच कहती है तीन सौ अठारह. लोग बढ़ाकर लिखते हैं, मैंने बीस साल यही देखा है. घटाकर लिखने वाली आप पहली हैं."

मृणाल हसली आणि म्हणाली की घरच्या पॉलिसी तिने धरल्या नाहीत.

बत्रा हसला नाही. त्याने दाखल्यातला दुसरा आकडा दाखवला. शाखेच्या दाखल्यात तेराव्या महिन्याला चौऱ्याण्णव नव्हते, एक्क्याण्णव होते. पाच वर्षांनंतर अठ्ठ्याहत्तर नव्हते, बहात्तर. म्हणजे मृणालने ज्या वगळल्या त्या वगळल्यावर तिचा आकडा वर गेला होता. माझ्या मेंदूत ते हळूहळू उतरलं. कुणी खराब माल बाजूला काढून उरलेल्याचा भाव सांगावा, तसं ते दिसत होतं.

बत्राने ते सौम्यपणे पण सरळ सांगितलं. माणूस कमी लिहितो तेव्हा जे लपवायचं असतं तेवढंच कमी करतो. शिवाय आणखी एक गोष्ट त्याला जुळत नव्हती. दीडशेहून जास्त पॉलिसी ओळखीतून आल्या असं लिहिलंय, पण ती ओळख कुणी दिली, त्या जुन्या ग्राहकांचा कागदावर कुठे पत्ताच नाही. ओळख काय हवेतून आली?

मला उठून आत जावंसं वाटत होतं. गेलो नाही, हे चांगलं केलं.

मृणालने चहाचा कप बाजूला सरकवला. घरचे म्हणजे कोण, ते तिने सांगायला सुरुवात केली. बत्राने विचारलं, किती नातेवाईक? ती म्हणाली, रक्ताचे म्हणाल तर सात-आठ. बत्राने विचारलं, मग बाकीचे ऐंशी?

आता पाहा, हे उत्तर मराठी माणसालाच सुचणार. ती म्हणाली की दिल्लीत जी मराठी घरं आहेत, ज्यांच्याकडे दिवाळीला आमच्या घरून फराळाचं ताट जातं आणि ज्यांच्याकडचं आमच्याकडे येतं, ते सगळे घरचे. त्यात एक सोलापूरचं मुसलमान कुटुंब आहे, नागपूरचे दोन ख्रिस्ती भाऊ आहेत, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटलेले निम्मे आहेत. ही सगळी माणसं तिने फराळाच्या ताटावरून मोजून वगळली होती. बत्राचा चेहरा मला काचेतून दिसत होता. तो समजून घ्यायचा प्रयत्न करत होता आणि त्याला जमत नव्हतं.

"तो फिर इन्हीं की पॉलिसी ज़्यादा क्यों टूटी? घर वाले तो पक्के होने चाहिए."

मग तिने जे सांगितलं ते तिने आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं.

"घर का आदमी मुझे ना नहीं कहता, सर. वह हाँ कहता है, चाय पिलाता है, साइन करता है, और अगले साल चुपचाप पैसे भरना बंद कर देता है. बाहर वाला पहले दिन ही ना कह देता है. इसलिए जो बाहर वाला हाँ कहता है, वह टिकता है."

पहिली सात-आठ वर्षं असंच झालं, ती म्हणाली. मंडळातले लोक भिडेखातर घ्यायचे. हळदीकुंकवाला गेलं की चार जणी तयार. त्यातल्या दोघींना विमा नकोच असायचा. पुढच्या वर्षी हप्त्याची तारीख जवळ आली की त्या फोन उचलायच्या नाहीत, बाजारात दिसल्या तर रस्ता बदलायच्या. पॉलिसी बुडायची आणि मैत्रीसुद्धा. मग तिने एक नियम केला. घरच्या माणसाकडे ज्या दिवशी चहा प्यायला, त्या दिवशी सही घ्यायची नाही. कागद ठेवून यायचं. सांगायचं की नको असेल तर फक्त मेसेज करा, मी दिवाळीला तितकेच लाडू पाठवीन. ज्यांनी स्वतःहून फोन केला त्यांचीच पॉलिसी करायची. त्यामुळे आकडा कमी झाला, पण नियमानंतरच्या घरच्या पॉलिसी बाहेरच्यांपेक्षा पक्क्या निघाल्या.

बत्राने वर्षवार आकडे दाखवायला सांगितले. तिने मोबाइलवर एजंटांचं पोर्टल उघडलं आणि दाखवले. सहा वर्षांपूर्वी आकडा कमी, मग चढत गेलेला. त्याने बोटाने खाली सरकवायला सुरुवात केली तेव्हा खाली ग्राहकांची नावं यायला लागली. तिने मोबाइल हलकेच आपल्याकडे ओढून घेतला. म्हणाली, आकडे माझे आहेत, नावं त्यांची. बत्राने मान डोलावली आणि वाईट वाटून घेतलं नाही. उलट म्हणाला की या घरच्यांपैकी एकाशी बोलायला मिळालं तर बरं, पण त्यांना आधी विचारा.

मृणालने कुमुदवहिनींना फोन लावला. कुमुदवहिनी म्हणजे केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, आमच्या मंडळाच्या खजिनदार, आवाज असा की फोन न लावता खिडकीतून हाक मारली तरी चालेल. मृणालने थोडक्यात सांगितलं की मुलाखत चालू आहे, रेझ्युमेत मी घरच्यांना धरलं नाही, साहेबांना जरा तुमच्याशी बोलायचंय, चालेल का? त्या चालेल म्हणाल्या तशी तिने स्पीकर लावला.

"अगं, मला वगळलंस? नऊ वर्षं वेळेवर हप्ता भरतेय मी. नवरा गेला तेव्हा त्याच्या क्लेमचे कागद तू माझ्याबरोबर तीन वेळा फिरून पूर्ण केलेस. माझ्या ऑफिसातल्या चौघींना मी तुझा नंबर दिला. आणि तुझ्या कागदावर मी नाही? फराळ पाठवते म्हणून माझी पॉलिसी पॉलिसी नाही का?"

"तसं नाही, वहिनी..."

"मग कसं? मोज मला. साहेबांना सांग, कुमुद देशमुख म्हणतेय, मोजा."

बत्राला मराठी येत नव्हती. पण एका बाईला यादीतून वगळल्याचा राग आलाय, हे कळायला कोणतीही भाषा लागत नाही. तो पहिल्यांदा मनापासून हसला. वहिनींना हिंदीत दोन प्रश्न विचारले, त्यांनी सहा उत्तरं दिली. त्यात चौघी मैत्रिणींची गोष्ट पुन्हा आली, आणि ओळख कुठून आली हे त्याला आपोआप कळलं.

फोन ठेवल्यावर त्याने रेझ्युमे आणि दाखला पुन्हा एकदा चाळले. मग त्याने आपल्या शाखेची अडचण सांगितली. दर वर्षी तीस-चाळीस नवे एजंट येतात. प्रत्येक जण पहिल्या सहा महिन्यांत मामा, चुलता, मेहुणा, शाळेतला मित्र असे सगळे संपवतो. कमिशन मिळतं, सत्कार होतो. वर्षभराने मामा हप्ता भरत नाही, मेहुणा फोन उचलत नाही, आणि एजंट धंदा सोडून जातो. पॉलिसी बुडालेल्या राहतात. वरिष्ठ मग बत्राला जाब विचारतात, आकडा का पडला?

"आपका वह चाय वाला नियम," तो म्हणाला, "सिखा पाएँगी?"

"सिखाना ही है, सर. वरना ये लोग रिश्तेदार भी खोएँगे और काम भी."

त्याने रेझ्युमे परत दिला. म्हणाला, हा घेऊन जा, सगळ्या तीनशे अठरा लिहा, पडलेला आकडा लिहा आणि तो का पडला, मग कसा चढला, हेही लिहा. सोमवारी झोनल मॅनेजर येणार आहेत, त्यांना मला हा नको, तो दाखवायचाय.

परतीच्या मेट्रोत मृणाल अजिबात दमलेली वाटत नव्हती. मी तिला म्हटलं, तुझ्या सासूबाई असत्या तर आज त्यांनी तुझी दृष्ट काढली असती. ती म्हणाली, बाबा, आधी सोमवार तर येऊ द्या. पण आवाजावरून कळत होतं की सोमवार काय घेऊन येणार, हे तिला ठाऊक आहे.

रात्री जेवणं झाल्यावर लगेच अपूर्वा बसली. या वेळी पहिल्या पानावर आकड्यांच्या खाली चार ओळी आल्या. घरच्यांच्या पॉलिसी किती, त्यातल्या सुरुवातीच्या किती बुडाल्या, नियम काय केला, नंतर काय झालं. अपूर्वाने विचारलं, हे लिहिलं तर वाईट नाही दिसणार? मृणाल म्हणाली, वाईट दिसलं तर दिसेल, पण बत्रा साहेबांना जे सांगितलं तेच कागदावर हवं. जयदीपने सगळं ऐकलं आणि फक्त इतकंच विचारलं की मला घरच्यांत धरलंस की बाहेरच्यांत? ती म्हणाली, तुझी पॉलिसी तर मीच भरते, तुला कुठेच धरलेलं नाही.

सोमवारी झोनल मॅनेजरने अर्धा तास बोलून घेतलं. बुधवारी नेमणुकीचं पत्र आलं.

रुजू होण्याआधी तिला जुनी एजन्सी रीतसर सोडावी लागणार होती. जुन्या पॉलिसी जुन्या कंपनीतच राहतात, त्या उचलून नव्या कंपनीत नेता येत नाहीत, आणि लोकांना तशी फूस लावणं हेही गैर. पुढचे चार-पाच दिवस ती एकेका ग्राहकाला फोन करत होती. तुमची पॉलिसी आहे तशी आहे, हप्त्याची तारीख ही, काही लागलं तर शाखेत अमुक जणांना भेटा. पुष्कळांनी म्हटलं, मग आम्हीही तुमच्याकडे येतो, जुनी मोडतो. ती प्रत्येकाला तेच सांगायची. मोडू नका, आत्ता मोडली तर तुमचंच नुकसान आहे, माझा त्यात काहीही फायदा नाही.

सरदारजीलाही फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, नोएडात ऑफिस कुठे? माझा भाचा बेकार बसलाय, त्याला एजंट बनवा. मृणालने पत्ता दिला. म्हणाली, पाठवा, पण त्याला सांगा, पहिले सहा महिने मामाला पॉलिसी विकायची नाही.

जयदीप एकटाच हैदराबादला गेला. आम्ही तिघं आता नोएडात राहतो, मेट्रोपासून चालत जाण्याच्या अंतरावर. घराचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला जातं, मृणालच्या पगारातून. आज सकाळी तिच्याकडे नवी तुकडी येणार होती, नऊ जण, त्यात सरदारजीचा भाचाही. मी तिला म्हटलं, मी येऊ का, कोपऱ्यात बसून ऐकेन. ती म्हणाली, या, पण राजाभाऊ शिंप्याची गोष्ट सांगायची नाही.

मी सांगितली. नऊच्या नऊ जण हसले, आणि मग तिने शिकवायला सुरुवात केली.